पाण्याकडची बाजू

ठसेकाकांना खऱ्या नावाने हाक मारणारं माणूस घरात एकच होतं, ते म्हणजे त्यांची बायको, आणि तीही फक्त रागावली की. बाकी सगळ्या गावाला ते ठसेकाका. बत्तीस वर्षं ते लोकांची तळघरं कोरडी करत आले होते. काम झालं की शेवटचा हात ओला असतानाच दाराजवळच्या कोपऱ्यात, गुडघ्याच्या उंचीवर, ते आपला उजवा पंजा भिंतीत दाबायचे आणि खिळ्याने खाली साल कोरायचे. पावती नाही, करार नाही, गॅरंटीचा कागद नाही. भिंत ओली झाली तर या हाताच्या माणसाला शोधून काढा, एवढाच त्याचा अर्थ.

दर वर्षी पावसाळा सरला की काका जुन्या ठशांच्या फेरीवर निघत. न बोलावता जायचे. घरमालकाला म्हणायचे, "चहा नको, भिंत दाखवा." मग हाताची मागची बाजू भिंतीला लावून डोळे मिटायचे. लोकांना वाटायचं काका मंत्र म्हणतायत. काका फक्त ओल शोधत असायचे, आणि ती हाताच्या मागच्या कातडीला लवकर कळते असं त्यांचं ठाम मत होतं.

त्यांची सगळी विद्या आतल्या बाजूची. म्हणजे असं, की इमारत उभी आहे, शेजारी रस्ता आहे, दुसऱ्या बाजूला कुणाचं तरी घर आहे. बाहेरून खणायला जागाच नाही. जमिनीतलं पाणी भिंतीला बाहेरून रेटतंय, भिंतीच्या बारीक छिद्रांतून आत झिरपतंय, आणि तुम्ही आत उभे. अशा वेळी आतून जे काही लावाल त्याला पाणी मागून ढकलत राहतं. म्हणून काका आधी भिंतीला टाचे मारायचे, वरची गुळगुळीत साय उडवून तिला खडबडीत करायचे. मग तिला पोटभर पाणी पाजायचे. मग सिमेंटचं खास मिश्रण ब्रशने घासून घासून छिद्रांत घालायचे, पहिला हात आडवा, दुसरा उभा. त्यानंतर तीन दिवस पुन्हा पाणी. ओल्या भिंतीत ते मिश्रण खोल जाऊन घट्ट बसतं. भिंतीला नुसतं चिकटून चालत नाही, भिंतीत मुरावं लागतं.

याचा धडा त्यांना तरुणपणीच मिळाला होता. एका छापखान्याच्या तळघरात त्यांच्या आधी कुणीतरी चकचकीत ऑइलपेंट मारून गेला होता. मालक मोठ्या कौतुकाने म्हणाला, "बघा, पाण्याचा थेंब नाही!" थेंब नव्हता, पण भिंतीला भोपळ्याएवढा फुगा आला होता. काकांनी उत्सुकतेपोटी त्याला खिळा टोचला. फुग्यातलं सगळं पाणी थेट त्यांच्या तोंडावर! मालक हसला, काकाही हसले आणि घरी आल्यावर बायको तर हसून हसून खाली बसली. पण तेव्हापासून काकांच्या डोक्यात एक गोष्ट पक्की झाली की गुळगुळीत भिंतीवर काहीही टिकत नाही.

हीच पक्की गोष्ट पुढे त्यांना नडली.

काकांना एकच लेक. तिने स्थापत्याचा डिप्लोमा केला, सहा वर्षं मोठ्या कंपनीत काढली आणि परत आली ती डोक्यात दुसरंच खूळ घेऊन. तिचं काम बाहेरच्या बाजूचं. नवीन इमारत, उघडा खड्डा, माती भरायच्या आधी भिंतीला बाहेरून मेम्ब्रेनची, म्हणजे पाणी अडवणाऱ्या पडद्याची, चादर चिकटवायची. जेवणाच्या टेबलावर बापलेकीची रोज जुंपायची.

"आत कसं, रोज डोळ्यासमोर असतं," काका म्हणायचे. "चुकलं तर पुन्हा करता येतं. तुझी चादर मातीत गाडलेली. फाटली तर कुणाला विचारणार, गांडुळांना?"

"म्हणून तर फाटू द्यायची नाही ना, बाबा. आणि तुमच्या भिंती आतून कोरड्या असतात, पण स्वतः? त्या कायम भिजलेल्याच. आतलं लोखंड त्याच पाण्यात. तुम्ही खोली वाचवता, भिंत नाही वाचवत."

हे काकांना झोंबलं, कारण ते खरं होतं. एक गळती बंद केली की वर्षभराने पाणी दोन हात बाजूला, जमीन आणि भिंतीच्या सांध्यातून डोकं वर काढायचं, हेही त्यांनी कितीदा पाहिलं होतं.

एकदा लेकीने पाण्याची बादली आणली आणि काकांच्या हातावर प्लास्टिकची पिशवी चढवली. "घाला पाण्यात. पिशवीचं तोंड बुडू देऊ नका." काकांनी हात बुडवला. पिशवी चहूबाजूंनी हाताला अशी लपेटली की बोटांच्या रेषासुद्धा दिसायला लागल्या.

"कोण दाबतंय?" लेकीने विचारलं.

"पाणी."

"बाहेरून लावलेल्या चादरीला पाणीच भिंतीवर दाबून धरतं. जेवढं खोल, तेवढं घट्ट. तुमच्या बाजूला तेच पाणी ढकलून काढायला बघतं."

काकांनी हात बाहेर काढला, पिशवी झटकली आणि म्हणाले, "माझा हात काही भिंत नाही." पण त्या दिवशी ते जरा कमी जेवले.

मग लेकीला पहिलं स्वतःचं काम मिळालं, नव्या वाचनालयाचं तळघर. साडेतीन मीटर खोल, खाली पुस्तकांचं कोठार होणार. जमिनीखाली एक मीटरवरच पाणी लागत होतं, म्हणजे भिंतीच्या तळाशी अडीच मीटर पाण्याचा दाब, दर चौरस मीटरला अडीच टन. भिंतीमागे हातभर फटीतलं पाणी असो की अख्खं तळं, दाब ठरतो तो उंचीने. पंपवाला दिवसरात्र पंप चालवून खड्डा कोरडा ठेवत होता. वरचा स्लॅब ओतून झाला होता, तेव्हा मातीचा रेटा सोसायला भिंती तयार होत्या. तीन भिंतींना चादर लागलीही होती. राहिली होती ती उत्तरेची, सर्वांत लांब भिंत.

बिल्डरचा इंजिनिअर घड्याळाचा गुलाम होता. त्याने लेकीला स्पष्ट सांगितलं, "मॅडम, पुढच्या सोमवारी मातीचे डंपर येणार. भिंत झाली असेल तर उत्तम. नसेल तर बाहेरचं काम तिथेच बंद, ती भिंत आम्ही आतून कोटिंग करून घेऊ. आणि पुढच्या दोन इमारतींचं मग बोलायलाच नको."

म्हणजे सगळा डाव त्या एका भिंतीवर होता. नेमके चादरीचे शेवटचे रोल दुसऱ्या शहरात अडकले. लेक ते आणायला स्वतः निघाली. जाताना तिने वडिलांना सांगितलं, "बाबा, दोघं कामगार भिंत घासून घेतील, काँक्रीट ओतताना शटरिंगच्या रॉडची राहिलेली भोकं बुजवतील. तुम्ही काही करू नका. फक्त बघा."

"काही करू नका" हे बत्तीस वर्षं काम केलेल्या माणसाला सांगायची गोष्ट आहे का!

काका सकाळी साइटवर गेले, आणि कामगार भिंत घासून गुळगुळीत करताहेत हे बघून जागच्या जागी थबकले. आरशासारखी भिंत! यावर काय टिकणार? आपल्या पोरीची पहिली साइट, आणि ही मंडळी वर चादर लावणार आणि उद्या तिला छापखान्यासारखा फुगा येणार. काका एकदा गप्प बसले. दुसऱ्यांदा खोकले. तिसऱ्यांदा मात्र राहवेना.

"मशीन आणा रे," ते म्हणाले. "टाचे मारा. सगळ्या भिंतीला. मी सांगतोय ना!"

कामगारांनी एकमेकांकडे पाहिलं. पण मॅडमचे वडील, त्यात ठसेकाका. बोलणार कोण? दिवसभर मशीन धडधडलं. संध्याकाळपर्यंत पन्नास चौरस मीटर भिंतीवर देवी आल्यासारखे वण उमटले. मग काकांनी पंपवाल्याकडून नळी मागून घेतली आणि भिंतीला यथेच्छ आंघोळ घातली. पंपवाला म्हणाला, "काका, मी महिनाभर इथलं पाणी बाहेर काढतोय आणि तुम्ही परत आत ओतताय?"

"तुला नाही कळायचं," काका म्हणाले आणि समाधानाने घरी गेले.

मंगळवारी सकाळी लेक रोल घेऊन आली. काका खड्ड्याच्या कडेला उभे होते, कौतुकाच्या अपेक्षेने. लेकीने भिंत पाहिली. ती ओरडली नाही. ती एका रोलवर बसली आणि तिने कपाळाला हात लावला.

"काय झालं गं?" काकांनी विचारलं.

"बाबा, या चादरीला सपाट आणि कोरडी भिंत लागते." तिचा आवाज बारीक झाला होता. "खड्ड्याखड्ड्यांत हवा राहील. ओलीवर डिंक धरणारच नाही. कुठे एक टाचणीएवढं भोक पडलं तर पाणी चादरीमागून अख्ख्या भिंतीभर फिरेल आणि ते आत कुठून येतंय हे कधीच सापडणार नाही."

"पण गुळगुळीतवर टिकत..." काका बोलता बोलता थांबले. त्यांना बादली आठवली, आणि हाताला लपेटलेली ती पिशवी. पिशवीने हात धरून ठेवला नव्हता, पाण्याने धरला होता. टाचे कशासाठी? पाणी मागून ढकलतं म्हणून. इथे ते मागे नव्हतंच, पुढे होतं. बत्तीस वर्षं जी बाजू भिंतीपलीकडे राहिली, त्याच बाजूला आज ते उभे होते आणि तरी आतल्यासारखंच वागले होते.

"चुकलो," काका म्हणाले. सरळ म्हणाले, आडवळण घेतलं नाही. त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते लपवायचंही त्यांना सुचलं नाही. "तुझं काम मी घालवलं."

लेकीने कपाळावरचा हात काढला. मग उठली, भिंतीपाशी गेली आणि वणांवरून हात फिरवू लागली. वैतागातही तिला हसू येत होतं. "टाचे मात्र एकसारखे मारलेत हं, बाबा. कुठे एक इंच सोडला नाही."

त्या वाक्यासरशी काकांचं डोकं चालू लागलं. "अगं, मग यावर मसाला मस्त धरेल! पातळ थर ओढून सगळं सपाट करू. तुमचा तो लवकर वाळणारा पॉलिमरचा मसाला मिळतो ना?"

"मिळतो. आज मागवला तर आज येईल. पण पन्नास चौरस मीटर, एका सुताचाही उंचवटा नको, आणि शनिवारपर्यंत वाळायला हवं. एवढं सफाईदार काम करणार कोण?"

काकांनी सदऱ्याच्या बाह्या वर केल्या.

मंगळवार दुपार ते गुरुवार दुपार काकांच्या हातातली थापी खाली पडली नाही. मागे लेक लांब पट्टी लावून उजेडात फट दिसते का बघत होती. बाप पुढे, लेक मागे, आणि दोघांच्या तोंडाचा पट्टा चालूच.

"इथे फुगलंय, बाबा."

"फुगलं नाही, तुझी पट्टी वाकडी आहे."

"पट्टी सरळ आहे."

"बरं, फुगलंय."

भिंतीच्या पायथ्याशी, जिथे ती तळाला मिळते, तिथे त्यांनी मसाल्याची गोलाई काढली, म्हणजे चादर काटकोनात मोडणार नाही. तळाच्या स्लॅबखाली आधीच एक चादर अंथरलेली होती. तिची कड बाहेर राखून ठेवली होती, तिला भिंतीची चादर जोडायची होती. काका ती कड लहान मुलाचं बोट धरावं तशी हळूच बाजूला करून काम करत होते.

खरी परीक्षा पुढे होती. गुरुवारी दुपारी थर पूर्ण झाला आणि काकांचा हात आपोआप बादलीकडे गेला. केलेल्या कामावर पाणी मारायचं नाही, हे त्यांच्या हाताला कधी शिकवलंच नव्हतं. लेकीने बादली काढून घेतली. काकांनी नळीकडे पाहिलं. पंपवाल्याने ती गुंडाळून त्यावर चक्क बैठक मारली. संध्याकाळी डबा घेऊन आलेल्या बायकोला सगळा प्रकार कळला, तेव्हा तिने नवऱ्याला खऱ्या नावाने हाक मारली आणि वर म्हणाली, "अहो, दोन दिवस नुसते पंखे लावा आणि पंख्यासमोर बसा. तुम्हीही जरा वाळा."

शुक्रवारभर वर ताडपत्री आणि खाली सहा मोठे पंखे. त्या संध्याकाळी काकांनी आपली जुनी युक्ती बाहेर काढली. प्लास्टिकचे वीतभर चौकोन कापले आणि चारी कडांना चिकटपट्टी लावून ते भिंतीवर आठ ठिकाणी बसवले. आत दमटपणा असेल तर सकाळी प्लास्टिकच्या मागे दव दिसणार. आतल्या बाजूला बत्तीस वर्षं ते हेच करत आले होते, फक्त तिथे मागे दव दिसलं की त्यांना काम मिळायचं.

शनिवारी सकाळी इंजिनिअरही येऊन उभा राहिला. काकांनी एकेक चौकोन सोलला. पहिला कोरडा. दुसरा कोरडा. सातवा कोरडा. आठवा, पूर्वेच्या टोकाला अगदी खालचा, मागून धुक्यासारखा पांढरा होता.

"आठपैकी सात कोरडे, पास म्हणू या की," इंजिनिअर घड्याळाकडे बघत म्हणाला. "एवढ्याशा ओलीने काय होतंय? लावून टाका."

लेकीने वडिलांकडे पाहिलं. होय म्हटलं असतं तर सगळं सोपं होतं, आणि चूक तर तिच्या बापाचीच होती.

"नाही," काका म्हणाले. "ओल असेल तिथे लागणार नाही. पश्चिमेकडून सुरुवात करा. या कोपऱ्याला मी बसतो." आणि सहापैकी तीन पंखे त्यांनी त्या एका कोपऱ्यावर रोखले.

पश्चिमेकडून आधी, चादर धरावी म्हणून, काळा प्रायमर लागला, मग चादरी लागू लागल्या. चादरीमागचा कागद सोलायचा, चादर टेकवायची, मधून कडेकडे रोलर फिरवून हवा हाकलायची, शेजारच्या चादरीवर चार बोटं चढवायची. शनिवार गेला. रविवारी सकाळी काकांनी त्या कोपऱ्यात पुन्हा लावलेला चौकोन सोलला. त्यांनी तो उजेडात धरला, गालाला लावला, मग पंपवाल्याच्या गालाला लावला.

"अहो काका, कोरडा आहे!" पंपवाला ओरडला.

दुपारी शेवटची चादर बसली. त्यावर जाड संरक्षक फळ्या उभ्या राहिल्या, कारण भरावातला एखादा दगडसुद्धा चादर फाडायला पुरतो. सगळं संपलं आणि लेक म्हणाली, "बाबा, ठसा?"

काका दचकले. "कुठे? भिंतीत दाबला तर खड्डा पडेल. चादरीवर तर नकोच नको." आठवड्यात ते एवढे तयार झाले होते की लेकीला हसू आवरेना. तिने डब्यातला उरलेला काळा प्रायमर पुढे केला. काकांनी तळवा त्यात टेकवला आणि शेवटच्या फळीवर, कोपऱ्यात, गुडघ्याच्या उंचीवर उमटवला. सपाट, ना खड्डा ना उंचवटा. लेकीने आपलाही पंजा त्याच्या शेजारी ठेवला.

"उद्या माती पडणार," काका म्हणाले. "कोण बघणार आहे हा?"

"ज्याला दाखवायचाय ते बघेल की. पाणी."

सोमवारी डंपर आले, थराथराने माती बसली आणि पंप बंद झाला. पंपवाला काकांना मिठी मारून दुसऱ्या साइटवर गेला. लेकीला पुढच्या दोन इमारतींचं काम मिळालं. इंजिनिअरने ते असं सांगितलं जणू त्याला पहिल्यापासून खात्रीच होती.

वर्षभराने, पाऊस सरल्यावर, काका नेहमीच्या फेरीवर निघाले ते आधी वाचनालयात गेले. तळघरात कपाटं भरली होती, नव्या-जुन्या कागदाचा वास होता. काकांनी सवयीने दाराजवळचा कोपरा पाहिला. भिंत कोरीच होती, रंगसुद्धा नाही, नुसतं काँक्रीट. त्यांनी हाताची मागची बाजू लावून डोळे मिटले. आजवर त्यांच्या सर्वांत चांगल्या भिंतीतही मागून एक गार, भरलेला ओलावा जाणवायचा. इथे काहीच जाणवेना. हात काढला तर त्यावर बारीक पांढरी धूळ आली होती.

"काही हवंय का?" ग्रंथपालबाईंनी विचारलं.

"नाही, भिंत बघतोय. ओल वगैरे?"

"छे हो! इथल्या जमिनीत पाणीच नसावं बहुतेक. आमचं नशीब."

काकांनी तोंड उघडलं. बाहेर जमिनीतलं पाणी मोजायला तपासणीचा पाइप होता, त्यात डोकावलं तर बाईंना दिसलं असतं की आत्ता, या क्षणी, पाणी त्या दोघांच्या डोक्याच्याही वर आहे. बत्तीस वर्षांत असं बोलणाऱ्या माणसाला त्यांनी तासभर भाषण दिल्याशिवाय सोडलं नव्हतं.

"नसेल बुवा," ते म्हणाले.

मग ते उत्तरेच्या भिंतीच्या पूर्व टोकाला गेले, खाली बसले आणि गुडघ्याच्या उंचीवर आपला उजवा तळवा सपाट टेकवला. दीड वीत काँक्रीटच्या पलीकडे, पाण्यात, तिथेच त्यांचा हात होता आणि शेजारी लेकीचा. काकांना इतका आनंद झाला की उठताना गुडघा करकरला तेही त्यांच्या लक्षात आलं नाही.

"आता चहा चालेल," ते ग्रंथपालबाईंना म्हणाले.